मेकअपवर सनस्क्रीनचा दुसरा हात

भगिनींनो, वैशाखातली लग्ने जवळ आली की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत तोंडाला काय लावावे हा विषय हटकून असतो. या खेपेला एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या भावाचे लग्न आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि त्या थोरली करवली. दुसऱ्या बाळंतपणापासून त्यांच्या दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आहेत. डॉक्टरांनी त्यांना उन्हात जाताना सनस्क्रीन लावायला आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावायला सांगितले आहे. ताई लिहितात, "शेतात ते जमते. तोंड धुतले की पुन्हा लावते. पण लग्नात तोंडावर मेकअप असताना पुन्हा कसे लावू? नणंदेच्या लग्नात स्प्रे मारून पाहिला तर ओघळ आले, आणि फोटोत गालावर पांढरे चट्टे दिसतात."

प्रश्न रास्त आहे. वांगाच्या डागांना ऊन फार लवकर चेतवते. महिनोन्महिने जपून फिकट केलेला डाग एका दिवसाच्या उन्हाने पुन्हा गडद होऊ शकतो. तेव्हा लग्नाचा दिवस सोडून देऊन चालणार नाही, आणि करवलीने तोंड न रंगवता उभे राहावे असेही कोणी म्हणणार नाही. दोन्ही साधायचे तर थोडे समजून घ्यावे लागेल.

सनस्क्रीनचे काम कसे चालते ते तुमच्या घरच्या पुरुषमाणसांना विचारा. द्राक्षावर किंवा टोमॅटोवर बोर्डो मिश्रण मारतात तेव्हा पानाचा जेवढा भाग औषधाने झाकला तेवढाच वाचतो. जिथे थेंब पडला नाही तिथे करपा शिरतो. पाऊस येऊन गेला की पुन्हा फवारावे लागते. सनस्क्रीन तसेच आहे. त्याचा सलग पातळ थर कातडीवर असेल तोवर त्याचा उपयोग. घामाने, पदराने पुसल्याने, तोंडाला हात लावल्याने तो थर जागोजागी फाटतो. दोन तासांचा नियम त्यासाठी आहे.

आता डबीवरच्या आकड्याबद्दल. एसपीएफ ३० किंवा ५० असा जो आकडा छापलेला असतो, तो कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तोंडापुरते बोलायचे तर हे साधारण एक ग्रॅमहून थोडे अधिक भरते. घरी मोजायची सोपी रीत अशी: तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढावी. या दोन बोटांवरचे क्रीम तोंड आणि मान यांना लागते. बहुतेक बायका याच्या निम्मेही लावत नाहीत. आणखी एक गैरसमज आहे. फाउंडेशनवर एसपीएफ १५ लिहिले आहे, खाली ३० चे क्रीम आहे, म्हणजे ४५ झाले, असे होत नाही. आकड्यांची बेरीज होत नसते.

हे सांगायचे कारण असे की मेकअपवरून स्प्रे, स्टिक किंवा पावडर काहीही लावले तरी दोन बोटे भरून जाणार नाही. तेवढे लावले तर मेकअप राहणारच नाही. म्हणून दिवसाची खरी मदार सकाळच्या पहिल्या थरावर असते. वरचा दुसरा हात म्हणजे डागडुजी. कुडाच्या भिंतीला पोपडा पडला तिथे लिंपावे, तसे. पण भिंतच घातली नसेल तर लिंपणार कशाला?

पहिला थर असा द्यावा. तोंड धुऊन टिपून कोरडे करावे. दोन बोटांचे क्रीम एकदम न थापता दोन वेळा करून लावावे आणि मध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. मग पंधरा मिनिटे तोंडाला काही लावू नये. तेवढ्या वेळात केस विंचरून घ्या, गजरा माळा. थर नीट बसल्यावर फाउंडेशन चोळून नव्हे तर बोटांनी किंवा ओलसर स्पंजाने दाबून दाबून, पातळ लावावे. वर पावडर अगदी हलकी. पार्लरवाली येणार असेल तर तिला आधीच सांगून ठेवा की तोंडावर पुन्हा लावायचे आहे, तेव्हा थर जाड देऊ नका. मेकअप जितका जाड, तितका दुपारचा दुसरा हात फुटतो. माझ्या मते पत्रातल्या ताईंचे अर्धे काम इथेच होईल.

वांगाचे डाग असणाऱ्या भगिनींनी क्रीम घेताना रंगाची छटा असलेले घ्यावे. त्यात लोहाचे भस्म, म्हणजे आयर्न ऑक्साइड, असते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो आणि साधे सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड तो बऱ्यापैकी अडवते. शिवाय आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर बिनरंगी जस्ताचे सनस्क्रीन राखेसारखे दिसते. ताईंच्या फोटोतले पांढरे चट्टे बहुधा यातलेच असावेत. जस्त आणि टायटॅनियम यांची भस्मे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड परत फेकतात, आणि थर कमीजास्त असेल तर तेवढाच भाग पांढरा उठतो. घरच्या आरशात ते कळत नाही. लग्नाच्या पंधरा दिवस आधी सगळे लावून, संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून पाहावा. आवडला नाही तर वस्तू बदलायला वेळ हाताशी राहतो. नवी वस्तू कातडीला सोसते की नाही तेही याच वेळी कानामागे लावून पाहावे.

आता दुसरा हात. कोणतीही वस्तू घ्या, आधी तोंड टिपायचे. सगळ्यांत जास्त बिघाड होतो तो इथे. तोंडावर तेल आणि घाम असताना वरून काही लावले की खालचे फाउंडेशन सुटते, वरचे त्यात मिसळते आणि चिखल होतो. टिपकागदासारखा पातळ कागद किंवा जुन्या मऊ मलमलीचा धुतलेला तुकडा घ्यावा, तोंडावर ठेवून दाबावा आणि उचलावा. पुसू नये. मग पंख्याखाली किंवा सावलीत दोन-तीन मिनिटे बसावे. कपाळाला बोटाची पाठ लावून पाहावी. चिकट लागली तर अजून टिपायचे आहे. नाकपुड्यांच्या कडेला किंवा डोळ्यांखाली फाउंडेशन जमून रेघ झाली असेल तर कोरड्या स्पंजाने दाबून ती आधी सारखी करून घ्यावी. नाहीतर वरचे सनस्क्रीन त्या रेघेतच जाऊन बसते.

तिन्हींत मी स्टिकला पहिला मान देते. ती मेणट असते, त्यामुळे ओघळत नाही, डोळ्यांत सहसा उतरत नाही, आणि लागली कुठे ते कळते. पण ती मेकअपवर थेट घासायची नाही. पावडर बसलेल्या गालावर मेणाची कांडी घासली की फाउंडेशन तिच्या टोकाला चिकटून येते आणि गालावर बोडखी पट्टी पडते. स्वच्छ धुतलेल्या हाताच्या पाठीवर स्टिक चार-पाच वेळा घासावी. अंगाच्या उबेने मेण मऊ होते. ते मधल्या दोन बोटांच्या टोकांवर घेऊन गालाच्या हाडांवर, नाकाच्या दांडीवर, वरच्या ओठावर आणि कपाळावर दाबून दाबून ठेवावे. एक जागा झाली की पुन्हा हातावरून घ्यावे. सगळे तोंड झाल्यावर एक मिनिट थांबून दुसरी फेरी करावी, कारण एका फेरीत फारच थोडे लागते. शेवटी कोरड्या स्पंजाने कडा तेवढ्या दाबून सारख्या कराव्यात. स्पंजाने सुरुवात केली तर बरेचसे तोच पिऊन टाकतो. कान, मान आणि ब्लाउजच्या गळ्याबाहेरची पाठ इथे मेकअप नसतो, तिथे स्टिक खुशाल थेट घासावी, एकाच जागी चार वेळा मागे-पुढे, आणि हाताने पसरावी. एक काळजी घ्या. वैशाखात पत्र्याखाली ठेवलेली किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलेली स्टिक वितळते. ती ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवावी. आणि एकीची स्टिक दुसरीने तोंडाला लावू नये. कोणाच्या तोंडावर काय पुळी असेल ते सांगता येत नाही.

स्प्रे सोयीचा दिसतो आणि फसवतो तोच जास्त. लांबून मारला तर निम्मा वाऱ्यावर जातो, जवळून मारला तर मोठे थेंब बसून ओघळ येतात. पुष्कळशा स्प्रेत अल्कोहोल असते. ते जिथे थेंब पडेल तिथे फाउंडेशन विरघळवते, म्हणून ठिपके उठतात. शिवाय तो तुषार नाकातोंडातून छातीत जायला नको. म्हणून तोंडावर थेट मारूच नये. स्पंज ओला दिसेपर्यंत त्यावर स्प्रे मारावा, आणि तो गालावर, कपाळावर, हनुवटीवर दाबावा, सरकवू नये. पुन्हा स्पंज भिजवून आणखी एक फेरी. मग दोन मिनिटे तोंड हलवू नये की पदर लावू नये, वाळू द्यावे. हात, मान आणि पाठ यांना मात्र स्प्रे उत्तम. कातडी ओली चमकेपर्यंत जवळून मारावा आणि लगेच हाताने चोळून पसरावा. नुसता मारून सोडला तर फवारणीत तास सुटतो तसे मध्ये मध्ये कोरडे राहते.

लग्नघरात याची आणखी एक बाब सांगितलीच पाहिजे. दाबाच्या डब्यातला स्प्रे पेट घेतो. चूल, गॅस, होम, औक्षणाचे तबक यांच्याजवळ तो मारू नये, आणि मारल्यावर अंग पुरते वाळल्याशिवाय विस्तवाजवळ जाऊ नये. २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने असा जाहीर इशारा दिला होता, कारण स्प्रे लावून झाल्यानंतर विस्तवाजवळ गेलेली माणसे भाजल्याचे प्रकार घडले होते. करवलीच्या हातात दिवा असतो, साडी नायलॉनची असते. म्हणून हे लक्षात ठेवा.

राहिली पावडर. एसपीएफ लिहिलेली सनस्क्रीन पावडर मिळते, ब्रश जोडलेली. दिसायला ती सगळ्यांत छान बसते. पण हिशेब करून पाहा. तोंडाला एक ग्रॅमहून जास्त लागते असे वर सांगितले. डबीत मुळात काही ग्रॅमच पावडर असते, आणि ब्रशाने आपण तिची नुसती धूळ उडवतो. डबीवरच्या आकड्याइतका आडोसा हवा असेल तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे तोंड करावे लागेल. तेव्हा पावडर हे मुख्य औषध नव्हे. स्टिक किंवा स्प्रे बसून वाळल्यावर वरची चकाकी मारायला आणि तो थर टिकवायला ती सगळ्यांत शेवटी घ्यावी. ब्रश ओढू नये, टेकवून किंचित फिरवावा आणि उचलावा. आपल्याकडे गंधकाची भुकटी पहाटेच्या दवात धुरळतात, म्हणजे ती पानाला धरते. तोंडाचे उलट आहे. ओल असताना पावडर मारली की तिची खपली होते आणि हसले की तडे जातात. आणि पावडरीवर पुन्हा स्टिक लावू नये. पावडर एकदा बसली की त्यावर ओले-मेणट काही सारखे बसत नाही, ढग-ढग दिसते.

काही वेळा तोंडावरून रबराच्या खोडव्यासारखे बारीक गोळे सुटतात. खालचा थर वाळण्याआधी वरचा चोळला, किंवा थरांवर थर फार झाले, की असे होते. तिथे आणखी काही लावून झाकू नका, वाढतच जाते. कोरड्या ब्रशाने गोळे झटकावेत आणि घट्ट पिळलेल्या ओलसर स्पंजाने ती जागा दाबावी. तरी बसले नाही तर तेवढी जागा पुसून नव्याने करावी. ती रीत खाली येतेच.

आता ताईंच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी सातला दोन बोटांचे क्रीम, साडेसातला मेकअप. आठला वऱ्हाडाची जीप निघेल. काचेमागे ऊन लागत नाही असे समजू नका. बाजूच्या काचेतून उजेड येतो आणि वांग चेतवणारे काही किरणही येतात. सावलीच्या बाजूची जागा धरावी, नाहीतर मधली. साडेनऊला पोहोचलात की जानवशाच्या घरात बसून टिपायचे आणि स्टिकच्या दोन फेऱ्या करायच्या. वर पावडर आत्ताच लावू नका. पुढे अजून एकदा स्टिक लागली तर ती बसली पाहिजे. मग नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघेल. घोड्यामागे करा घेऊन दीड तास उन्हात चालणे, हाच दिवसाचा सगळ्यांत वाईट भाग. इथे कोणाही धाकट्या भाच्याला मोठी छत्री धरायला सांगा. छत्रीने फोटो बिघडतो म्हणाल, तर फोटोपुरती बाजूला करा. दोन हातांनी करा धरलेला असताना घाम पुसायला पदर वापरलात तर पुन्हा थर गेला. मलमलीचा तुकडा मनगटाला खोवून ठेवावा आणि टिपावे.

पावणेबाराला मांडवात परत याल तेव्हा तोंडाची अवस्था बेताची असेल. मेकअपवरून एकदा लावून झाले आहे, दीड तास घाम आला आहे. इथे आणखी एक थर चढवण्याचा मोह होतो. तो आवरावा. सगळे तोंड धुण्याइतका वेळ नसतो, म्हणून जिथे वांगाचे डाग आहेत तेवढ्याच जागा मोकळ्या कराव्यात. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन, दोन्ही गालांची हाडे, नाक आणि वरचा ओठ पुसून काढावा. मग साध्या ओल्या कापसाने तेल नीट निघेपर्यंत पुसावे आणि टिपून कोरडे करावे. त्या जागी रंगाची छटा असलेले क्रीम नीट भरून, दोन वेळा करून लावावे आणि पाच मिनिटे थांबावे. वर बोटाच्या टोकाने थोडे फाउंडेशन दाबून कडा मिळवून घ्याव्यात. कपाळ आणि हनुवटी यांना स्टिकची एक फेरी पुरे. आता सगळीकडे पावडर. दहा-बारा मिनिटांचे काम आहे, मुहूर्ताला हाताशी वेळ उरतो, आणि या जागांना सकाळइतका पुरा थर मिळतो. वरून लावण्याच्या कोणत्याही युक्तीने ते होत नाही.

लग्न लागले, पंगती बसल्या, तोवर तुम्ही मांडवाखाली असाल. कापडाखालीही उजेड येतो, पण घाई नाही. तीन-साडेतीनला निघताना उघड्यावर फोटो काढायचा आग्रह झाला तर तोंड सरळ धुवावे, क्रीम पहिल्यासारखे लावावे, आणि काजळ-कुंकवावर फोटो काढून घ्यावा. चौथ्यांदा लिंपलेल्या तोंडापेक्षा ते खचित बरे दिसते.

विकत एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर रंगाची छटा असलेले क्रीम घ्या, एसपीएफ ३० किंवा वरचे, आणि पाकिटावर पीए पुढे तीन अधिक चिन्हे असलेले. पुसून पुन्हा लावण्याची रीत त्यानेच होते. दुसरी घेता आली तर स्टिक. स्प्रे आणि पावडर हौसेच्या बाजूला ठेवायला हरकत नाही. मुदतीची तारीख पाहून घ्या, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली आणि माळ्यावर तापलेली बाटली लग्नाला काढू नका. ज्या स्पंजाने लावले तो त्याच रात्री साबणाने धुऊन वाऱ्यावर वाळवा. ओला तसाच डबीत कोंडला तर त्याला बुरशी धरते.

रात्री घरी आल्यावर थकवा आला तरी तोंड तसेच ठेवून निजू नका. एवढे थर नुसत्या साबणाने निघत नाहीत. आधी तेल लावून सगळे सुटू द्यावे, मऊ कापडाने टिपून घ्यावे, मग सौम्य साबणाने एकदा धुवावे. वांगाच्या जागा खसाखसा घासू नका, घासल्यानेही ते गडद होतात.